आत्याला ॲप शिकवताना आपले मेसेज कसे झाकायचे: व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करण्याची रीत

माझी आत्या गारगोटीला राहते, मी कोल्हापुरात राजारामपुरीत. लाईट बिल भरायला दर महिन्याला ती शेजारच्या पोराला गाठायची. एकदा तो परीक्षेच्या नादात विसरला, मुदत टळली आणि आत्या चिडली. "मला शिकव, मीच भरतो," म्हणाली. (आमच्याकडं बायकाही 'मी भरतो' म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.)

मी व्हिडिओ कॉल लावला, माझी स्क्रीन शेअर केली आणि महावितरणचं ॲप उघडून दाखवायला लागलो. दोन मिनिटं छान गेली. तेवढ्यात स्क्रीनच्या वरच्या बाजूला बायकोचा मेसेज टपकला: "आत्यांना ते १५ हजार कधी देणार ते विचारा. लाजू नका." तो तीन-चार सेकंदच दिसला असेल, पण आत्याची नजर अजून शाबूत आहे. ती शांतपणे म्हणाली, "दिवाळीला देतो म्हणून सांग तिला. आता पुढं दाखव."

त्यानंतर मी हे सगळं नीट बसून समजून घेतलं. बायकोच्या फोनवर चार-पाच वेळा तालीम केली. खाली जे लिहिलंय ते प्रामुख्यानं अँड्रॉइड फोनसाठी आहे. आयफोनवाल्यांसाठी मधे एक वेगळा तुकडा आहे.

हाताशी काय हवं

- दोन्ही फोनवर अद्ययावत व्हॉट्सॲप. स्क्रीन शेअर करायची सोय ऑगस्ट २०२३ मध्ये आली, त्यामुळे वर्षानुवर्षं अपडेट न केलेल्या फोनवर ते बटणच सापडणार नाही.
- शिकवायचं ॲप दोन्हीकडे आधीच उतरवून ठेवलेलं. कॉल चालू असताना प्ले स्टोअरमध्ये शिरू नका, तिथं निम्मा तास जातो.
- समोरच्याकडं जुनं कागदी लाईट बिल. १२ अंकी ग्राहक क्रमांक त्यावरच असतो.
- त्यांच्याकडं कागद-पेन आणि फोन टेकवायला काहीतरी. आत्यानं हळदीचा डबा वापरला.
- तालमीसाठी घरातलं आणखी एक माणूस, त्याच्या फोनसकट.

## १. आधी ठरवा: कुणाची स्क्रीन, कधी

नव्या माणसाचा गोंधळ इथूनच सुरू होतो. आपण आपली स्क्रीन दाखवतो, समोरचा 'हो हो' म्हणतो, आणि कॉल संपल्यावर त्याला काही जमत नाही. कारण साधं आहे. तुमची स्क्रीन बघत असताना त्यांच्या फोनवर व्हॉट्सॲपच पसरलेलं असतं. त्याच वेळी त्यांना स्वतःचं ॲप चालवता येत नाही.

म्हणून शिकवणी दोन भागांत करा. आधी पाच मिनिटं तुमची स्क्रीन, नुसतं दाखवायला. मग तुमचं शेअरिंग बंद करून त्यांची स्क्रीन चालू, आणि आता बोटं त्यांची, आवाज तुमचा. खरं शिकणं दुसऱ्या भागात होतं. मेसेज झाकायची काळजीही दोन्ही भागांत घ्यावी लागते. आत्याला येणारे मेसेज मी वाचावेत असं तिला का वाटावं?

## २. आपल्या फोनवरचे मेसेज झाकणं

लोक म्हणतात, 'डू नॉट डिस्टर्ब' लावलं की झालं. मलाही तसंच वाटायचं. पण बऱ्याच फोनमध्ये ते आपसूक फक्त आवाज बंद करतं. मेसेज दिसायचा तो दिसतोच. कॉलमध्ये तर आवाजापेक्षा दिसण्याचीच भीती असते. त्यामुळे आत जाऊन आणखी एक गोष्ट बदलावी लागते.

सॅमसंग फोनवर `Settings` → `Notifications` → `Do not disturb` इथं जा आणि `Hide notifications` मध्ये सगळं झाकायचा पर्याय चालू करा. मोटोरोलासारख्या साध्या अँड्रॉइडच्या फोनवर `Do Not Disturb` च्या आत `Display options for hidden notifications` असतं, तिथं `No visuals or sound from notifications` निवडा. नावं फोनगणिक थोडी इकडची तिकडं होतात. तुम्हाला शोधायचाय तो पर्याय 'दिसूही नये' असं सांगणारा. नुसता 'वाजू नये' म्हणणारा पुरत नाही.

तिथंच अपवादांची यादी असते. आवडत्या लोकांचे कॉल, एकाच माणसाचा लागोपाठ दुसरा कॉल, अशांना वाट मोकळी ठेवलेली असते. एरवी ते चांगलंच आहे. पण तासाभरापुरते ते अपवाद काढून टाका, नाहीतर ऐन वेळी बँकेच्या कर्जवाल्यानं दोनदा फोन केला की त्याचा नंबर स्क्रीनभर पसरेल.

दुसरी कडी खुद्द व्हॉट्सॲपच्या आत आहे, आणि ती मला जास्त भरवशाची वाटते, कारण फोन कुठल्या कंपनीचा आहे याच्याशी तिचं देणंघेणं नाही. व्हॉट्सॲपमध्ये `Settings` → `Notifications` उघडा. तिथं `Use high priority notifications` नावाची कळ आहे. ती बंद केली की स्क्रीनच्या वर टपकणारी मेसेजची पट्टी थांबते, मेसेज मात्र येत राहतात. एक गोम लक्षात ठेवा: ही कळ दोनदा आहे, एकदा व्यक्तींच्या मेसेजसाठी आणि खाली ग्रुपसाठी वेगळी. मी पहिल्यांदा वरचीच बंद केली, आणि तालमीत कॉलनीच्या ग्रुपमधला पाण्याच्या टँकरचा वाद सगळा दिसला.

एसएमएससाठी ही कळ चालत नाही. ओटीपी आणि बँकेचे मेसेज तिकडूनच येतात, म्हणून 'डू नॉट डिस्टर्ब' हवंच. दोन्ही लावा.

फोनमध्ये अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढचं असेल तर स्क्रीन शेअर चालू असताना ओटीपीसारख्या नाजूक नोटिफिकेशनमधला मजकूर फोन स्वतःच झाकतो. ते चांगलं आहे, पण बायकोचा मेसेज त्याच्या दृष्टीनं नाजूक ठरेलच याचा भरवसा मी धरत नाही.

आयफोन असेल तर: `Settings` → `Notifications` → `Show Previews` मध्ये `Never` निवडा, म्हणजे पट्टी आली तरी आतला मजकूर दिसत नाही. वर `Focus` मधलं `Do Not Disturb` लावा. स्क्रीन शेअर दाबल्यावर `Start Broadcast` असं बटण येतं, ते दाबलं की ३ आकडे मोजून शेअरिंग सुरू होतं.

## ३. नोटिफिकेशन सोडून आणखी कुठून गळतं

हे कुणी सांगत नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

कीबोर्ड. तुम्ही काही कॉपी केलेलं असेल तर टाइप करायला जाताच कीबोर्डच्या वरच्या पट्टीत ते दिसतं. सकाळी कुणाला पाठवायला कॉपी केलेला खाते क्रमांक तिथं झळकू शकतो. कॉल करायच्या आधी एखादा निरुपद्रवी शब्द, समजा 'नमस्कार', कॉपी करून ठेवा. जुनं मागं पडतं.

मागची खिडकी. अनेक ॲप एकावर एक दिसतात ती यादी उघडली की शेवटच्या ॲपची छोटी चित्रं दिसतात, उघड्या चॅटसकट. आधीच सगळी बंद करा आणि लागणारं एकच ॲप उघडं ठेवा.

आणि सगळ्यात मोठा खड्डा, व्हॉट्सॲप स्वतः. शेअरिंग सुरू झाल्यावर माणूस सवयीनं मागं जायचं बटण दाबतो. त्यानं कॉल लहान होतो आणि समोर येते तुमची चॅटची यादी: सगळी नावं, प्रत्येकाच्या शेवटच्या मेसेजची एक ओळ. मी एवढं सगळं झाकून इथंच आपटलो असतो, तालीम केली म्हणून वाचलो. मागं जाऊ नका, होमला जा आणि तिथून ॲप उघडा.

## ४. तालीम

घरातल्या माणसाला दुसऱ्या खोलीत बसवा, व्हिडिओ कॉल लावा, स्क्रीन शेअर करा. त्यांनी कॉल चालू ठेवून तुम्हाला एक व्हॉट्सॲप मेसेज पाठवायचा, मग एखाद्या ग्रुपवर एक आणि मग साधा एसएमएस. त्यांच्या स्क्रीनवर काय दिसलं ते त्यांनी सांगायचं. तुमच्या फोनकडं बघून ठरवू नका, तिकडं काय दिसतं तेच महत्त्वाचं. वरची पट्टी टपकली नाही आणि चिन्हंही दिसली नाहीत तर तुम्ही तयार आहात. काही दिसलं तर ते कुठल्या ॲपचं होतं ते बघा, त्यावरून कुठली कळ राहिली ते लगेच कळतं.

## ५. प्रत्यक्ष कॉल: आपली स्क्रीन दाखवणं

कॉल व्हिडिओच लावायचा. चालू कॉलमध्ये स्क्रीनवर एकदा टॅप केलं की खाली बटणं येतात. त्यात फोनच्या आकारावर बाण असलेलं चिन्ह शोधा. काही फोनवर ते तीन टिंबांच्या आत `Share screen` असं लिहिलेलं सापडतं. दाबल्यावर फोन इशारा देतो की स्क्रीनवर दिसणारं सगळं जाईल, पासवर्डसुद्धा.

त्याच इशाऱ्याच्या चौकटीत नव्या फोनवर एक निवड मिळते: एकच ॲप की सगळी स्क्रीन. इंग्रजीत ती `A single app` किंवा `Share one app` आणि `Entire screen` किंवा `Share entire screen` अशी दिसते. ही निवड तुम्हाला मिळाली तर 'एकच ॲप' घ्या आणि महावितरणचं ॲप निवडा. मग वरची पट्टी, नोटिफिकेशन, मागची यादी, काहीच पलीकडं जात नाही. मात्र दुसऱ्या ॲपमध्ये गेलात की तिकडच्या माणसाला ते दिसत नाही आणि तो "थांबलंय रं" म्हणू लागतो. ही निवड आलीच नाही, तर पायरी २ आणि ३ वरच भिस्त आहे.

तुमची स्क्रीन त्यांना लहान दिसत असेल तर त्यांना तिच्यावर टॅप करायला सांगा, मोठी होते. अक्षरं धूसर दिसली तर घाई करू नका. गारगोटीत दुपारी नेट मंद असलं की एक पान स्वच्छ दिसायला थोडा वेळ लागायचा. मी पान बदललं की मनात पाच मोजायचो आणि मगच बोलायचो.

तुमचं बोट कुठं पडतंय ते त्यांना दिसत नाही, नुसतं पान बदललेलं दिसतं. त्यावर एक उपाय आहे. `Settings` → `About phone` मध्ये, सॅमसंगवर त्याच्याही आत `Software information` मध्ये, `Build number` वर सात वेळा टॅप केलं की `Developer options` उघडतात. त्यातलं `Show taps` चालू केलं की बोट टेकेल तिथं पांढरा ठिपका उमटतो आणि तो शेअर केलेल्या स्क्रीनवरही दिसतो. काही बँकांची ॲप मात्र `Developer options` चालू असतील तर कुरकुर करतात. शिकवून झालं की ते बंद करून टाका. हे फक्त तुमच्या फोनवर करा, त्यांच्या फोनवर या भानगडीत पडू नका.

मी आत्याला एवढंच दाखवलं: ॲप उघडणं, ग्राहक क्रमांक घालणं, बिलाची रक्कम आणि मुदत कुठं दिसते, आणि पैसे भरायचं बटण. बटण दाबलं नाही. तिथंच `Stop sharing` केलं.

## ६. आता त्यांची स्क्रीन

इथं त्यांच्या मेसेजची लाज आपण राखायची. 'डू नॉट डिस्टर्ब' त्यांच्या फोनवर लावायचं ते कॉल सुरू झाल्यावर. आधीच लावलं तर तुमचा कॉलच वाजणार नाही. मी हे केलंय. अर्धा तास आत्या फोन समोर ठेवून वाट बघत होती आणि मी इकडून रिंग देत होतो.

वरून पडदा खाली ओढायला सांगा आणि त्यातलं `Do not disturb` चं बटण दाबायला सांगा. बऱ्याच फोनवर ते दाबून धरलं की किती वेळ हे विचारलं जातं. तिथं एक तास निवडा. यात शहाणपण आहे, कारण बंद करायचं माणूस हमखास विसरतो. आतल्या सगळ्या खोल्यांमध्ये त्यांना फिरवू नका. त्याऐवजी कॉलच्या आधी घरच्या गटावर एक ओळ टाका: 'आत्याला आता तासभर मेसेज करू नका.' आमच्याकडं हा उपाय सगळ्यात जास्त चालला.

तरीही काही टपकलंच तर वाचू नका, आणि वाचलंत तर बोलू नका.

व्हॉट्सॲपच्या कॉलमधून तुम्हाला त्यांच्या फोनवर टॅप करता येत नाही. नुसतं बघता येतं. त्यामुळे शब्द नेमके लागतात. "मेनू उघड" म्हणून काही होत नाही. "वर डाव्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत, त्यावर बोट ठेव आणि उचल" म्हटलं की होतं. आत्या बोट ठेवून दाबून धरायची, त्यामुळे काहीतरी भलतंच उघडायचं. 'उचल' हा शब्द जोडल्यापासून अडचण मिटली.

ग्राहक क्रमांक टाकताना तीन-तीन अंकांचे चार गट करून तिनंच बिलावरून मोठ्यानं वाचायचे आणि टाकायचे. मी फक्त स्क्रीनवर जुळतात का बघत होतो. एकदा तिनं ६ च्या जागी ९ टाकला, तर भलत्याच माणसाचं नाव आलं. ही चांगली खूण आहे: रकमेच्या आधी नाव वाचायचं. नाव आपलं नसेल तर पुढं जायचं नाही. कागदावर तिनं पहिलं वाक्य हेच लिहून घेतलं.

## ७. पैसे भरायच्या पानावर शेअरिंग थांबवा

त्यांनी यूपीआय ॲपकडं जायचं बटण दाबायच्या आधी शेअरिंग बंद करायला सांगा. कॉल चालू राहू दे, बोलणं चालू राहू दे. पिन टाकताना तुम्हालाही दिसायला नको.

कुणी विसरलंच, तर बहुतेक यूपीआय आणि बँकेच्या ॲपची पानं शेअरिंगमध्ये काळी दिसतात. नवखा माणूस घाबरतो, फोन बिघडला म्हणतो. बिघडलेलं काही नसतं, त्या ॲपनी आपलं पान दाखवायला मुद्दाम मनाई केलेली असते. पण त्या काळ्या पानाच्या भरवशावर राहू नका. नंतर येणारा ओटीपीचा एसएमएस काळा होईलच असं नाही.

आत्यानं पैसे भरले, मग परत शेअर करून पावती दाखवली. पावतीवरचा क्रमांक तिनं बिलाच्या मागं लिहिला, जशी दुकानदाराच्या वहीत लिहायची तसा.

## ८. आत्याला मी आणखी एक गोष्ट सांगितली

स्क्रीन दाखवायला शिकलेल्या माणसाला ती कुणाला दाखवायची नाही हेही कळायला हवं. 'आज रात्री तुमची लाईट तोडणार, या नंबरवर फोन करा' असे खोटे मेसेज वीज ग्राहकांना येतात. फोन केला की पलीकडचा गोड बोलून स्क्रीन दाखवा म्हणतो किंवा एखादं ॲप घ्यायला लावतो, आणि ओटीपी वाचतो. अनोळखी नंबरला स्क्रीन दाखवायला गेलं तर इशारा द्यायची सोय व्हॉट्सॲपनं ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केली, पण इशारा वाचायच्या आधीच बोट पडतं. आत्यासाठी आम्ही नियम सोपा ठेवला: ज्याला घरात जेवायला वाढलंय त्यालाच स्क्रीन दाखवायची. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन.

## ९. आवरून ठेवणं

कॉल संपल्यावर आपल्या फोनवर `Use high priority notifications` दोन्हीकडं परत चालू करा, 'डू नॉट डिस्टर्ब'चे काढलेले अपवाद परत घाला, `Developer options` बंद करा. वर स्क्रीन शेअरची खूण उरलेली नाही ना ते बघा.

आणि त्यांचा फोन. पहिल्या वेळी आत्याकडं तास निवडायचा राहिला होता. दीड दिवस तिचा फोन कुणालाच लागला नाही, इचलकरंजीहून तिचा मुलगा गाडी काढायच्या तयारीत होता. आता मी शिकवून झालं की व्हॉट्सॲप बंद करतो आणि तिला साधा फोन लावतो. रिंग ऐकून ती उचलते, "वाजतोय रं, ठेव आता," म्हणते, मग मी ठेवतो.